आधी वरचा भात, मग खरवड

भात खाली लागला की घरातलं जाणतं माणूस काय करतं? वरचा चांगला भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घेतं. पातेल्याच्या तळाशी उलथनं घालायचं ते सगळ्यात शेवटी. कारण आधीच खरवडलं तर करपट वास सगळ्या भाताला लागतो. मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कवरून डेटा काढायचा तो असाच, आणि ddrescue हा प्रोग्राम नेमकं हेच करतो. त्याच्या एका टप्प्याचं नावच ‘स्क्रेपिंग’, म्हणजे खरवडणं, आहे.

माझ्या मावसभावाने मात्र उलथन्यापासूनच सुरुवात केली होती. त्याच्या जुन्या लॅपटॉपमधल्या १ टीबीच्या डिस्कवर घरचे दहा वर्षांचे फोटो. ते दुसरीकडे कॉपी करताना एका फोल्डरवर गाडी अडली. विंडोजने विचारलं, पुन्हा प्रयत्न करू का? त्याने हो म्हटलं. रात्रभर तो हो म्हणत राहिला. सकाळी फोन आला: “अरे, काल एकच फोल्डर अडत होता. आज ड्राइव्हच दिसायला पाच मिनिटं लागतायत.”

त्या रात्री आत काय चाललं होतं, ते बघण्यासारखं आहे. हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्यावरून वाचणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला ९०. एखादा सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा डेटाचा सगळ्यात छोटा तुकडा, वाचता आला नाही, तर डिस्क लगेच हार मानत नाही. तबकडी फिरून तीच जागा पुन्हा हेडखाली येण्याची वाट बघते, हेड केसभर इकडे-तिकडे सरकवून पाहते, चुका दुरुस्त करणारं गणित पुन्हा लावते. हे सगळं ती स्वतःहून करते. आपल्याला काही सांगावं लागत नाही. यात पाच सेकंद गेले, तर तेवढ्यात तबकडीच्या ४५० फेऱ्या होतात, आणि त्या सगळ्या वेळात हेड त्याच दुखऱ्या जागेवर घुटमळत असतं.

डिस्कने ‘नाही जमलं’ म्हटलं की ऑपरेटिंग सिस्टीम तीच मागणी पुन्हा करू शकते. वरून माणूस बटण दाबतो. प्रत्येक थर आपापल्या परीने प्रामाणिक असतो, पण प्रयत्नांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

ती जागा नुसती कमजोर असेल, म्हणजे चुंबकीय खूण फिकी पडली असेल, तर या घुटमळण्याने फारसं बिघडत नाही. कधीकधी विसाव्या खेपेला सेक्टर वाचलाही जातो. पण तिथे ओरखडा असेल किंवा धातूचा कण बसला असेल, तर हेड तो कण आणखी पसरवतं, स्वतः झिजतं आणि मग धड भागही वाचेनासं होतं. बाहेरून या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. म्हणून हिशेब असा धरायचा की डिस्कमध्ये थोडंच वाचन शिल्लक आहे, आणि ते आधी चांगल्या भागावर खर्च करायचं.

फाईल कॉपी करताना नेमकं उलटं होतं. फोल्डरची यादी एकीकडे, फोटो दुसरीकडे, त्याचा उरलेला तुकडा तिसरीकडे. हेड सारखं धावत असतं. chkdsk किंवा fsck हे डिस्क-दुरुस्तीचे प्रोग्राम चालवणं त्याहून वाईट, कारण ते ‘दुरुस्ती’साठी त्याच मरत्या डिस्कवर लिहायला लागतात. दुरुस्ती करायची ती नकलेवर.

अँटोनिओ डियाझ डियाझ यांचा GNU ddrescue फाईल, फोल्डर काही जाणत नाही. त्याला दिसते ती पहिल्यापासून शेवटच्या बाइटपर्यंतची एक लांब पट्टी. तो ६४ किलोबाइटचे घास घेत सरळ पुढे जातो. घास अडला की खोळंबत नाही; ती जागा नोंदवतो आणि उडी मारतो. लगेच पुन्हा अडला तर पुढची उडी दुप्पट. एका टोकाला पोचल्यावर उलट्या दिशेने येतो आणि उडी मारून सोडलेल्या भागांच्या दुसऱ्या कडेने वाचायला लागतो. असं करत चांगला भाग जवळजवळ सगळा हाती येतो. त्यानंतर अडलेल्या घासांच्या कडा तासतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाचता येईल तेवढं वाचतो. मग मधला भाग सेक्टर सेक्टर करून खरवडतो. आणि नापास सेक्टरांवर पुन्हा प्रयत्न सगळ्यात शेवटी, तोही आपण सांगितला तरच.

हे सगळं लक्षात राहतं ते मॅपफाईलमुळे. ही साधी मजकुराची फाईल असते. पट्टीचा कुठला भाग `+` म्हणजे मिळाला, कुठला `?` म्हणजे अजून पाहिलाच नाही, कुठला `-` म्हणजे वाचताच आला नाही, ते तिच्यात लिहिलेलं असतं. वीज गेली, डिस्क गरम झाली, काहीही झालं तरी थांबायचं आणि नंतर तीच आज्ञा पुन्हा द्यायची. मिळालेल्या भागाला ddrescue हात लावत नाही. फक्त ही फाईल पेनड्राइव्हवरून चालू केलेल्या लिनक्सच्या डेस्कटॉपवर ठेवू नका. तो डेस्कटॉप रॅममध्ये असतो, मशीन बंद झालं की फाईल गेली.

मी मावसभावाची डिस्क लॅपटॉपमधून काढून माझ्या पीसीला थेट साटा केबलने जोडली. यूएसबीच्या डबीतूनही जमतं, पण खराब सेक्टर आला की काही डब्या मध्येच कनेक्शन तोडतात. नक्कल घ्यायला २ टीबीची रिकामी डिस्क होती. ती फॅट३२ असून चालत नाही, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेजचं नाव gddrescue आहे. dd_rescue हा वेगळाच प्रोग्राम, गफलत नको. मग हे:

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL,PHY-SEC
sudo ddrescue -d -n -b 4096 /dev/sdb /mnt/navi/juni.img /mnt/navi/juni.map
```

पहिली ओळ कंटाळा न करता वाचायची आणि सीरियल नंबर डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून बघायचा. आधी जुनी डिस्क, मग नक्कल, हा क्रम उलटा होऊ द्यायचा नाही. `-d` मुळे लिनक्सची लुडबुड न होता मागितलं तेवढंच वाचलं जातं. एरवी तो पुढचंही आगाऊ वाचायला जातो आणि नको तिथे अडकतो. `-n` म्हणजे आत्ता खरवडू नकोस.

आता `-b 4096` बद्दल, कारण तिथे मी स्वतः चुकलो होतो: मी हे कलम न घालताच आज्ञा दिली होती. हल्लीच्या बहुतेक डिस्कमध्ये खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, पण संगणकाला ती ५१२ चे आठ तुकडे दाखवते. ddrescue सुद्धा न सांगता ५१२ च धरतो. म्हणजे एक खराब सेक्टर वाचायला तो आठदा जातो आणि डिस्क आठही वेळा आपला पूर्ण सोपस्कार करते. पुन्हा पुन्हा प्रयत्न नकोत म्हणून हा खटाटोप, आणि मी नकळत प्रत्येक ठिकाणी आठ प्रयत्न लावून ठेवले होते! lsblk च्या PHY-SEC या रकान्यात ४०९६ दिसत असेल, तरच हे कलम घाला.

पहिली फेरी साडेसात तास चालली. त्यातला बहुतेक सगळा डेटा पहिल्या चार तासांतच आला. उरलेला वेळ अडलेल्या जागांभोवती गेला. स्क्रीनवर `pct rescued: 99.99%` होतं आणि साधारण ५० मेगाबाइट उरले होते. मी इथे थांबलो, डिस्क बंद करून गार होऊ दिली, आणि मग `-n` काढून तीच आज्ञा दिली. खरवडायला सोळा तास लागले आणि ५० चे ६ मेगाबाइट राहिले. ६ मेगाबाइट म्हणजे ५१२ चे सुमारे ११,७०० तुकडे, प्रत्येकाला पाचेक सेकंद. सोळा तासांचा हिशेब जुळतो. सेक्टरचं माप आधीच सांगितलं असतं तर हेच काम दोन-तीन तासांत उरकलं असतं. शेवटी `-r1` देऊन एक जादा फेरी मारली. तिने आणखी एक रात्र खाल्ली आणि जेमतेम पाऊण मेगाबाइट दिला. लोक सर्रास `-r3` देतात; मी देत नाही. उरलेल्या जागेखाली काय आहे ते आधी बघावं, तिथे विंडोजची एखादी कामचलाऊ फाईल असेल तर तिच्यासाठी डिस्क घासायची कशाला?

हे सगळं घरी करण्याला मर्यादा आहे. डिस्क टकटक आवाज करत असेल, घासल्यासारखी कुरकुरत असेल किंवा हातातून पडली असेल, तर ती चालूच करायची नाही. ती स्वच्छ खोलीत उघडून हेड बदलणाऱ्या प्रयोगशाळेचं काम आहे. सुरू केल्यावरही एक खूण बघावी. मॅपफाईल ddrescueview या प्रोग्राममध्ये उघडली की पट्टी रंगीत चौकटींत दिसते. खराब भाग एखाद्या ठिकाणी गोळा झालेला असेल तर तबकडीवरचा डाग. पण पट्टीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठराविक अंतराने फट, पुन्हा फट, अशी नक्षी दिसली, तर बहुधा एक अख्खं हेड गेलेलं असतं. डिस्क एका हेडने थोडं, मग दुसऱ्याने थोडं, असं आळीपाळीने लिहीत जाते, म्हणून ती नक्षी. तिथे खरवडून काही निघत नाही. बाकीच्या हेडांनी दिलेलं घ्यायचं आणि थांबायचं.

मावसभावाच्या पट्टीवर दोनच डाग होते. juni.img या नकलेची आणखी एक प्रत केली आणि त्या प्रतीतल्या न मिळालेल्या जागांमध्ये एक खूण भरून ठेवली:

```
printf "BAD-SECTOR " > khun
sudo ddrescue --fill-mode=- khun prat.img juni.map
```

मग प्रत फक्त वाचण्यापुरती जोडून grep ने `BAD-SECTOR` हे शब्द शोधले. अकरा फोटो आणि एक व्हिडिओ निघाला. दहा फोटोंच्या दुसऱ्या प्रती त्याच्या बायकोच्या फोनवर होत्या. अकरावा पुतणीच्या बारशाचा. जेपीईजी वरून खाली उलगडत जातो, त्यामुळे वरचा अर्धा स्वच्छ आणि खालचा करडा. पाळण्याची दोरी दिसते, फुलांची माळ दिसते, पाळण्यावर वाकलेली आत्या दिसते. बाळ करड्यात.