नस, शीर आणि दुकानातले दुखरे पाय

"डॉक्टर, नस आहे." पायाचं दुखणं घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं पहिलं वाक्य हेच असतं. मग मी विचारतो, कुठली? कारण पोटरीवर फुगलेली निळी दोरीही आपल्याकडे नसच आणि मणक्यात दबते तीही नसच. पहिली आहे शीर, म्हणजे रक्त परत वर नेणारी नळी. दुसरी आहे मज्जातंतू, ज्यात रक्त वाहतच नाही. भाषेतल्या या एका शब्दाने किती लोकांचे पैसे चुकीच्या ठिकाणी गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

शिरा कशा फुगतात हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात सांगतो. पायातलं रक्त हृदयाकडे चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि चढलेलं रक्त खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. निश्चल उभं राहिलं की पावलाच्या शिरेत साधारण 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालायला लागलं की झडपा शाबूत असलेल्या पायात तो 30 च्या आसपास उतरतो. झडपा गळत असतील तर तो पुरेसा उतरत नाही, शिरा ताणतात, वाकड्यातिकड्या होतात. कातडीतल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक जांभळ्या रेषा ही वेगळी गोष्ट. त्या दिसायला नकोशा असतील, पण संध्याकाळच्या ठणक्याचं खापर बहुतेक वेळा त्यांच्यावर फोडता येत नाही.

खरा गोंधळ पुढे आहे. पाय दुखतो आणि शीर दिसते, म्हणून शिरेमुळेच पाय दुखतो, असं लोक धरून चालतात, आणि दुर्दैवाने कधीकधी डॉक्टरही. एडिनबरोत 18 ते 64 वयाच्या 1,566 लोकांचे पाय तपासले होते. 1999 साली आलेल्या त्या अभ्यासात वयानुसार जुळवून घेतलेलं मोठ्या शिरा फुगल्याचं प्रमाण पुरुषांत 40 टक्के आणि स्त्रियांत 32 टक्के निघालं. पाय जड होणं, ओढणं, ठणकणं अशा तक्रारी मात्र शिरा चांगल्या असलेल्यांमध्येही भरपूर होत्या. म्हणजे शीर दिसणं इतकं सर्रास आहे की ती दुखण्याच्या जागी नुसती हजर असू शकते.

एक उदाहरण देतो. कापडाच्या दुकानात पंचवीस वर्षं काउंटरमागे उभे राहणारे, वय 58, आपण त्यांना काका म्हणू. संध्याकाळी सातपर्यंत दोन्ही पाय शिशासारखे जड. डाव्या पोटरीवर ठसठशीत शिरा. कुणीतरी डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, करायला सांगितलं, डाव्या पायात झडप गळती निघाली, लेझर झालं. शिरा गेल्या, पाय देखणा झाला, आणि जडपणा होता तिथेच राहिला. माझ्याकडे आले तेव्हा भलतेच चिडलेले होते.

रिपोर्ट खोटा नव्हता, प्रश्न विचारायचे राहून गेले होते. शिरा एका पायाला आणि तक्रार दोन्ही पायांना, इथेच पहिली शंका यायला हवी होती. मी विचारलं, "काका, गिऱ्हाईक नसलं की कसे उभे राहता?" म्हणाले, "काउंटरवर कोपरं टेकून, पुढे वाकून. तेवढंच बरं वाटतं." दुकान ते घर चालताना? "मध्ये कट्ट्यावर बसावं लागतं. दोन मिनिटांत पाय मोकळे." आणि सायकल? "ती कितीही चालवतो."

हे शिरेचं दुखणं नव्हे. हा कमरेतल्या मणक्याचा मार्ग अरुंद झाल्याचा प्रकार. ताठ उभं राहिलं किंवा चाललं की कमरेला मागे बाक येतो, आतली जागा आणखी आवळते आणि पायाकडे जाणारे मज्जातंतू चेपले जातात. पुढे वाकलं, बसलं, सायकलच्या हँडलवर झुकलं की जागा उघडते. यालाच लोक "मणक्यात गॅप" म्हणतात. माझा या शब्दावर जुना राग आहे, कारण इथे गॅप वाढलेली नसून जागा कमी झालेली असते.

म्हणून "किती दुखतं?" यापेक्षा "कशाने थांबतं?" हे विचारा. झडपा गळणाऱ्या पायाला एका जागी उभं राहणं सोसत नाही, पण दहा मिनिटं चाललं की बऱ्याचदा हलकं वाटतं, कारण पोटरीचा पंप सुरू होतो. नुसतं स्टुलावर बसून, पाय लोंबते ठेवून फारसा फरक पडत नाही. आडवं होऊन पाय उशीवर चढवले की अर्ध्या तासात आराम पडतो. घोट्याला सूज येते, मोज्याच्या रबराचा वळ उमटतो, सकाळी सगळं उतरलेलं असतं. जुनं असेल तर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडते, खाजते. मणक्याच्या दुखण्यात उलट: चालल्याने वाढतं, नुसतं बसल्याने जातं, काउंटरवर रेलल्याने जातं.

तिसरा उमेदवार धमनीचा, म्हणजे पायाकडे रक्त आणणारी नळी अरुंद झाल्याचा. ठराविक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, आणि नुसतं थांबलं, अगदी ताठ उभं राहिलं, तरी दोन-चार मिनिटांत जातो. बसावं लागत नाही. बिडी-सिगारेट किंवा मधुमेह असेल तर याचा विचार आधी करा, कारण अशा पायावर शिरांसाठी वापरतात ते घट्ट स्टॉकिंग चढवणं धोक्याचं. पावलावरची नाडी न तपासता दुकानातून स्टॉकिंग आणणाऱ्यांना मी मनापासून रागावतो.

नाडी चांगली असेल तर मात्र स्टॉकिंग हीच उत्तम परीक्षा आहे. गुडघ्यापर्यंतचं, योग्य मापाचं, सकाळी सूज चढण्याआधी घालायचं आणि दोन आठवडे कामाच्या पूर्ण पाळीभर वापरायचं. संध्याकाळचा जडपणा स्पष्ट कमी झाला तर शिरेवर संशय पक्का. काहीच फरक नाही तर लेझरची तारीख घेण्याआधी कंबर तपासून घ्या. आणि डॉप्लर उभं करून केलं का, तेही विचारा. झडपांची गळती उभ्यानेच नीट कळते.

बाकीची कारणं झटपट. दोन्ही घोटे सुजतात आणि रक्तदाबाची अॅम्लोडिपीन सुरू आहे? ती गोळीच कारण असू शकते. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. तळव्यांची आग रात्री वाढते? साखर आणि बी-12 पाहा. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय, तर संध्याकाळची वाट पाहू नका. आत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि पोटरी अजिबात चोळायची नाही.

दुकानात बसू देण्यावरून केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये कायदाच बदलला. हक्क हवाच. पण शिरावाल्यांनी नुसत्या स्टुलावर विसंबू नये. दर अर्ध्या तासाने वीसेक वेळा टाचा उचलाव्यात, गोदामातून माल आणायचं काम आपणहून घ्यावं.

काकांना मात्र स्टूल फळलं. काउंटरखाली एक लाकडी पाट ठेवला, आळीपाळीने एक पाय त्यावर, म्हणजे कमरेचा बाक कमी होतो. पोट आणि कमरेचे व्यायाम सुरू आहेत. आता घरी जाताना कट्ट्यावर बसतात ते कधीकधीच. लेझरच्या बिलाचा विषय निघाला की मात्र अजून डाव्या पोटरीकडे बघतात.