६० किलोवॅटचा चार्जर गाडीला ४० किलोवॅटच का देतो?

यवतमाळहून वर्ध्याकडे जाताना कळंबच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर मागच्या मे महिन्यात आम्ही गाडी चार्जिंगला लावली होती. चार्जरवर ६० किलोवॅट असे ठळक लिहिले होते, पण पडद्यावरचा आकडा ४० च्या पुढे जाईना. सोबत असलेले आमच्या गावचे गुरुजी म्हणाले, "सर, पंपवाल्यानं करंट कमी करून ठेवला असेल." ही समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे, आणि तिच्या उलटची, मोठा चार्जर लहान गाडीत जबरदस्तीने करंट कोंबतो, ही भीतीही ऐकली आहे. दोन्ही चुकीच्या आहेत, कारण किती करंट हवा हे गाडी मागते आणि चार्जर आपल्या मर्यादेत राहून तेवढाच देतो.

ही मागणी कशी होते, ते मला या विषयातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते. भारतातील विजेवरच्या बहुतेक नव्या चारचाकी गाड्यांना सीसीएस-२ हे सॉकेट असते. त्यातील खालच्या दोन जाड पिनांतून डीसी करंट बॅटरीत जातो, आणि वरच्या भागातील एका बारीक पिनेतून बोलणे होते. तिला कंट्रोल पायलट म्हणतात. चार्जरच्या केबलचा प्लग, म्हणजे गन, लावण्यापूर्वी या तारेवर १२ व्होल्ट असतात. गन लागताच गाडीतील एका रोधामुळे ते ९ व्होल्टवर उतरतात आणि चार्जरला कळते की गाडी आली. मग त्याच तारेवरून दोघांचा डिजिटल संवाद सुरू होतो आणि गाडी आपली कमाल व्होल्ट व करंटची मर्यादा सांगते. गन कुलूपबंद झाल्यावर चार्जर जाड तारांवर व्होल्टेज चढवून जमिनीकडे गळती होते का ते तपासतो. त्यानंतर तो आपले व्होल्टेज बॅटरीच्या इतके जवळ आणतो की फरक २० व्होल्टपेक्षा कमी उरावा, आणि तेव्हाच गाडी आतले मोठे स्विच जोडते. मोठा फरक असताना स्विच जोडले, तर क्षणात उसळणाऱ्या करंटने त्यांचे संपर्कबिंदू वितळून चिकटू शकतात. यानंतर मात्र गाडी चार्जिंग संपेपर्यंत सतत सांगत राहते, "आता इतके अँपिअर."

याच कारणाने केवळ आकार जुळवणारा अडॅप्टर उपयोगाचा नसतो. २०१७ च्या सुमारास बसवलेल्या भारत डीसी-००१ या १५ किलोवॅटच्या चार्जरवर जीबी-टी नावाची वेगळ्या आकाराची गन असे आणि तो कमी व्होल्टच्या बॅटऱ्यांसाठी होता. तो कॅन नावाच्या वेगळ्या भाषेत बोलतो. सीसीएस-२ ची गाडी ती भाषा समजत नाही. "कुठल्याही चार्जरवर चालेल" अशा जाहिरातींवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

आता आमच्या ४० किलोवॅटकडे येतो. गाडीची बॅटरी ४० युनिटची आणि सुमारे ३२० व्होल्टची होती. चार्जरच्या बाजूच्या पाटीवर बारीक अक्षरांत कमाल करंट १२५ अँपिअर असा होता. ३२० ला १२५ ने गुणले की ४०,००० वॅट, म्हणजे ४० किलोवॅट. त्याच गनमधून ६० किलोवॅट मिळायला बॅटरी ४८० व्होल्टची हवी. २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जायला २४ युनिट लागतात, म्हणून हिशेबाने ३६ मिनिटे. दुसरी गन दुसऱ्या गाडीला लागली आणि चार्जरने शक्ती अर्धी वाटली, तर आपल्या वाट्याला ३० किलोवॅट येतात आणि तेच काम ४८ मिनिटांवर जाते.

अडथळा कुठे आहे हे ओळखायला पडद्यावरचे किलोवॅट नव्हे, तर अँपिअर पाहावेत. अँपिअर पाटीवरच्या कमाल आकड्यावर अडून व्होल्ट सावकाश चढत असतील, तर चार्जरची मर्यादा गाठली आहे. ते १२५ वरून अचानक ९४ च्या आसपास आले, तर शेजारी कोणी गन लावली आहे का ते पाहावे. आणि ते हळूहळू उतरू लागले, तर बहुधा गाडीच कमी मागत असते. ८० टक्क्यांनंतर हे होणे स्वाभाविक आहे, पण ४५ अंशांच्या उन्हात महामार्गावरून आलेल्या तापलेल्या बॅटरीचे तसे ६० टक्क्यांवरही होऊ शकते. मात्र गनमधील तापमापकाला पिन तापलेली आढळली, किंवा चार्जर स्वतःच तापला, तरीही करंट घटतो. म्हणून चार्जर सावलीत आहे का, हे मी आधी पाहतो.

चार्जिंग सुरूच न होता पडद्यावर अर्थ फॉल्ट दिसला, तर गाडीला दोष देण्याची घाई करू नये. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ती अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि कोरड्या मातीचा रोध वाढतो. पंपवाल्याला अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायला सांगून पुन्हा गन लावून पाहावी.