ओव्हरटाइम आणि कॉम्प ऑफ : तास तेच, हिशेब वेगळा

रविवारी माल मोजायला एक सहकारी १० वाजता आली आणि साडेचारला गेली. जेवणाचा अर्धा तास वजा केला की काम झालं ६ तास. आता हे ६ तास ओव्हरटाइमचे की कॉम्प ऑफचे? छोट्या फर्ममध्ये यावर "बघू नंतर" असं उत्तर मिळतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

ओव्हरटाइम म्हणजे पैशांचं देणं. ते त्या पगारात चुकतं झालं की विषय संपला. कॉम्प ऑफ म्हणजे जादा कामाच्या बदल्यात मिळणारी सुट्टी, हे तासांचं देणं आहे. ती सुट्टी प्रत्यक्ष घेतली जाईपर्यंत ते फर्मच्या डोक्यावर राहतं, म्हणून त्याला पासबुकासारखं खातं लागतं: जमा, वापर, शिल्लक. काही ठिकाणी काही कामगारांना कायद्याने पैसेच द्यावे लागतात, बदली सुट्टी चालत नाही. हे आधी तपासून घ्या.

खरी गफलत दरात होते. समजा, फर्मचा ओव्हरटाइम दीडपट आहे. मग ६ तासांचे पैसे ९ तासांच्या पगाराइतके होतात. सुट्टी मात्र बहुतेक जण सहाच तासांची देतात आणि तीन तास गुपचूप गायब होतात. माझ्या मते सुट्टीही ९ तासांचीच हवी. नाहीतर कॉम्प ऑफ ही फर्मसाठी स्वस्तातली पळवाट ठरते. शिवाय खातं दिवसांत नको, तासांत ठेवा. दिवस ८ तासांचा असेल, तर "१ दिवस जमा" लिहिताच उरलेला एक तास बुडाला.

मंजुरी दोनदा घ्यावी. कामाआधी: कशासाठी थांबायचं आणि अंदाजे किती तास. कामानंतर: प्रत्यक्ष किती झाले, आणि त्याच ओळीत "पैसे" की "सुट्टी". दोन्हींसाठी एकच ओळ असली की तेच तास दोनदा मोजले जात नाहीत. मंजुरी चार तासांची आणि काम सहा तासांचं झालं, तर सहाच लिहायचे, शेजारी कारण. न विचारता थांबल्याबद्दल बोलायचं असेल तर वेगळं बोला. झालेले तास कापू नका. चुकलेली नोंद खोडून टाकू नका. उलटी नोंद करून खाली नवी ओळ लिहा.

शिल्लक दर महिन्याला पगाराच्या स्लिपवर छापली, तर तक्रार त्याच महिन्यात येते, वर्षाने नाही. सुट्टी ९० दिवसांत घ्यायची असा नियम असेल आणि मागूनही ती नाकारली गेली असेल, तर ते तास रद्द न होता पैशांत बदलायला हवेत. म्हणूनच नकाराचीही तारीख लिहा. आमच्या त्या सहकारीने दोनदा सुट्टी मागितली होती, दोन्ही वेळा तोंडीच "आत्ता नको" झालं. नोकरी सोडताना ९ तास निघाले, पण नकार कुठेच लिहिलेला नव्हता.