बत्तीस अक्षरांचं बिल आणि त्याची दुसरी प्रत

किराणा दुकानातल्या बिलाच्या प्रिंटरमध्ये शाई नसतेच. कागदाच्या एका बाजूला रंगहीन रंगद्रव्य आणि आम्लधर्मी पदार्थ यांचा थर असतो. प्रिंटरच्या छपाई-हेडवरचा बारीक ठिपका तापला की थर वितळतो, दोन्ही पदार्थ एकत्र येतात आणि तिथे काळं उमटतं. रोल उलटा बसला तर बिल कोरं येतं. नखाने जोरात ओरखडा काढून पाहा, काळी रेघ उठेल ती छापायची बाजू.

लहान दुकानांत रोल बहुधा ५८ मिमी रुंदीचा असतो. त्यातले ४८ मिमीच छापता येतात. एका मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ओळीत ३८४. नेहमीचं इंग्रजी अक्षर १२ ठिपके रुंद, म्हणून ओळीत ३२ अक्षरं. ८० मिमीच्या रोलवर ७२ मिमी छपाई होते आणि ४८ अक्षरं बसतात. सॉफ्टवेअरमध्ये ८० ची मांडणी ठेवून ५८ चा प्रिंटर जोडला, की शेवटची १६ अक्षरं खालच्या ओळीत पडतात. नेमकी रक्कमच त्यात जाते.

बत्तीसची वाटणी अशी करता येते: मालाचं नाव १४, नग ५, दर ६, रक्कम ७. पण ७ जागांत ‘९९९९.९९’ पर्यंतच मावतं. त्यामुळे नाव वरच्या ओळीत आणि आकडे खालच्या ओळीत, ही मांडणी जास्त भरवशाची. मराठी नावांना तर ही मोजणी लागूच पडत नाही. ‘तूरडाळ’ संगणकाला सहा चिन्हं वाटतात, डोळ्याला चार अक्षरं दिसतात, आणि रकाने वाकडे होतात. शिवाय बऱ्याच स्वस्त प्रिंटरांत देवनागरी अक्षरं नसतातच. मग संपूर्ण बिल ३८४ ठिपके रुंदीचं चित्र म्हणून पाठवावं लागतं.

खरी गोची पुन्हा छापताना होते. रोल मध्येच संपला आणि कॅशियरने तेच बिल परत काढलं, की एका खरेदीचे दोन कागद तयार होतात. दोन्ही सारखेच दिसले तर एकाच मालाचा परतावा दोनदा मागता येतो. म्हणून दुसऱ्या छपाईवर ‘DUPLICATE COPY’ हवं, तेही ठळक. `ESC/POS` ही आज्ञांची भाषा समजणाऱ्या प्रिंटरला दुप्पट रुंदी-उंचीसाठी हे बाइट पाठवतात:

```
1D 21 11
```

अक्षर दुप्पट झालं की ओळीत १६ च मावतात. ‘DUPLICATE COPY’ १४ जागांत बसतं, पण हौसेने दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे आणि मोकळी जागा घातली की २० होतात आणि शेवटची चार खाली लोंबतात. शिक्का वर आणि एकूण रकमेशेजारी असा दोनदा मारावा, कारण कागदाचा वरचा भाग फाडणं फारच सोपं आहे.

बिल क्रमांक आणि मूळ वेळ तीच ठेवायची, पुन्हा छापल्याची वेळ वेगळी लिहायची. आकडे साठवलेल्या बिलातून घ्यायचे. आजच्या दराने नव्याने हिशेब केला आणि मधल्या काळात भाव बदललेला असला, तर प्रत मूळ बिलाशी जुळत नाही. राहता राहिला अर्धवट छापलेला कागद. सॉफ्टवेअर बिल प्रिंटरकडे पाठवताच ‘छापलं’ अशी नोंद करतं, कागद संपल्याचं त्याला बहुधा कळत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या हाती पडणारं पहिलंच पूर्ण बिल ‘DUPLICATE’ असतं. ते तसंच द्यावं आणि फाटका अर्धा गल्ल्यात ठेवावा.