पोळ्या तितक्याच, जीडीपी वेगळा

गिरगावातल्या एका घरात रोज सकाळी दहा पोळ्या होतात, असे समजू. कणीक, तेल आणि गॅस यांचे तीस रुपये कुटुंबाचा खर्च म्हणून जीडीपीत धरले जातात. कणीक मळण्यात, लाटण्यात आणि भाजण्यात गेलेला तास मात्र कुठेही धरला जात नाही. पुढे घरातली बाई नोकरी धरते आणि त्याच दहा पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून शंभर रुपयांना येऊ लागतात. तिचा पगार बाजूला ठेवला, तरी ताटात पोळ्या तितक्याच असताना केवळ या बदलामुळे जीडीपी सत्तर रुपयांनी वाढतो.

देशात वर्षभरात तयार झालेल्या अंतिम वस्तू आणि सेवांचे मूल्य म्हणजे जीडीपी, तर माणसाचे बरे चालले आहे की नाही हा त्याच्या आरोग्याचा, वेळेचा आणि निवांतपणाचा प्रश्न आहे. या दोन गोष्टींची गल्लत होते ती बहुधा अशा ठिकाणी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीची पायाभरणी करणाऱ्या सायमन कुझ्नेट्स यांनी 1934 सालीच अमेरिकी सिनेटला दिलेल्या अहवालात बजावले होते की, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज क्वचितच बांधता येईल.

बाजारात न विकलेले सारेच काही वगळले जाते, असेही नाही. कोकणातल्या शेतकऱ्याने घरच्यापुरते पिकवलेले भात जीडीपीत येते. तेच भात त्याच्या बायकोने शिजवले, तर ते काम येत नाही. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याचे मानीव भाडे, म्हणजे तसेच घर भाड्याने घेतले असते तर द्यावे लागले असते ते भाडेही धरले जाते आणि पगारी मोलकरणीची धुणीभांडी मोजली जातात, पण गृहिणीची नाहीत. यामागे कारण आहे: या कामाला किंमत लावायची तर मोलकरणीच्या दराने, की त्या बाईला नोकरीत मिळाला असता त्या पगाराने, यावर उत्तर पार बदलते, शिवाय घरकाम करणाऱ्या प्रत्येकाला उत्पादक धरले, तर बेरोजगारीच्या आकड्याला अर्थच उरत नाही. हे कारण मला पटते. मात्र न मोजलेले काम म्हणजे नसलेले काम, असा जो समज त्यातून रुजतो, तो मुळीच पटत नाही.

ते काम किती मोठे आहे, हे 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणातून दिसते. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होत्या, तर असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे.

आता पुन्हा गिरगावात येऊ. पोळ्या विकत आणल्यामुळे वाचलेला तास त्या बाईच्या झोपेत गेला, की लोकलच्या गर्दीत उभे राहण्यात, याने तिच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. जीडीपीत त्यातला फक्त रेल्वेचा पास येतो.