हातभट्टीच्या दारूत मिथेनॉल येते कुठून, आणि बाटली घेताना काय पाहावे

आमच्या परवानाधारक मद्यविक्री दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात येणारे काही ग्राहक आम्हाला विचारतात की, गावाकडची ओळखीची हातभट्टी असेल आणि दारू डोळ्यांदेखत गाळलेली असेल, तर ती घ्यायला हरकत काय आहे. या प्रश्नाचे उत्तर गल्ल्यापाशी उभ्या-उभ्या दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे. यात कोणत्याही मद्याची जाहिरात नाही आणि कोणत्याही ब्रँडचे नाव नाही.

मिथेनॉल हे पिण्याच्या अल्कोहोलचे, म्हणजे इथेनॉलचे, अगदी जवळचे भावंड आहे. रंग, नाकात जाणारा झणका आणि जळण्याची पद्धत या बाबतींत दोन्ही इतकी सारखी असतात की जिभेला किंवा नाकाला फरक कळत नाही. फळांच्या सालीत आणि गरात पेक्टिन नावाचा घटक असतो. फळे आंबवली की त्याच्यापासून थोडे मिथेनॉल आपोआप तयार होते. मात्र महाराष्ट्रातील हातभट्टी बहुतेक करून काळा गूळ आणि नवसागर यांच्या रसायनावर चालते आणि गुळात पेक्टिन जवळजवळ नसते. त्यामुळे नुसता गूळ आंबवून गाळलेल्या दारूत मिथेनॉल नगण्य असते. भट्टीतील घाण, गंजकी पिंपे आणि रसायनात टाकलेले इतर पदार्थ यांचे धोके वेगळे आहेत आणि तेही लहान नाहीत. पण एकाच रात्रीत वस्तीतील अनेक माणसे दगावतात, तेव्हा कारण बहुधा निराळे असते.

ते कारण म्हणजे बाहेरून मिसळलेले औद्योगिक मिथेनॉल. रंग, चिकटद्रव्ये आणि रसायने बनवणाऱ्या कारखान्यांत ते टँकरने येते, पिण्याच्या अल्कोहोलपेक्षा स्वस्त पडते आणि वाटेत चोरीला गेले की थेट दारूच्या अड्ड्यावर पोहोचते. दारूची तीव्रता मोजायला जे तरंगते मापक वापरतात, तेसुद्धा येथे फसते, कारण दोन्ही द्रवांची घनता जवळपास सारखी आहे: इथेनॉलची 0.789 आणि मिथेनॉलची 0.792. पाण्यात मिथेनॉल ओतून बनवलेला माल त्या मापकावर चांगली कडक दारू असल्यासारखा दिसतो. विकणारा स्वतःही फसलेला असू शकतो, कारण त्याच्याकडे आलेला डबा भट्टीवरचा की टँकरमधला, हे त्याला ओळखता येत नाही.

जून 2015 मध्ये मुंबईतील मालाडच्या मालवणी भागात हेच घडले. अड्ड्यावरची दारू प्यायलेल्या शंभराहून अधिक माणसांचा काही दिवसांत मृत्यू झाला आणि कारण मिथेनॉल निघाले. गुजरातमध्ये बोटाद परिसरात जुलै 2022 मध्ये तर कारखान्यातून चोरलेले मिथेनॉल पाणी घालून सरळ दारू म्हणून विकले गेले. तेथे गाळण्याचा प्रश्नच आला नव्हता.

प्रमाणाचा फरक एका क्वार्टरवर पाहू. फळांपासून गाळलेल्या मद्यासाठी युरोपातील नियमांची मर्यादा साधारणपणे शुद्ध अल्कोहोलच्या प्रत्येक लिटरमागे 10 ग्रॅम मिथेनॉल अशी आहे. 40 टक्के तीव्रतेच्या 180 मि.ली. मद्यात 72 मि.ली. शुद्ध अल्कोहोल असते, म्हणून या मर्यादेवरचे मद्य असले तरी क्वार्टरमध्ये मिथेनॉल एक मि.ली.हून कमी भरते. आता भेसळीच्या दारूत पाचवा हिस्सा मिथेनॉल आहे असे धरा, म्हणजे त्याच क्वार्टरमध्ये 36 मि.ली. मिथेनॉल झाले. शुद्ध मिथेनॉलच्या 10 मि.ली. इतक्या मात्रेनेही दृष्टी जाऊ शकते आणि सुमारे 30 मि.ली. जीवघेणे ठरू शकते.

येथे एका समजुतीबद्दल स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते. ‘पहिल्या धारेची’ म्हणून कडक दारूचे कौतुक होते आणि दुसरीकडे, पहिली धार फेकून दिली की विष जाते, असेही सांगितले जाते. मिथेनॉल 64.7 अंश सेल्सिअसला आणि इथेनॉल 78.4 अंशांना उकळते हे खरे आहे, पण पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ते सुरुवातीलाच पूर्णपणे निघून जात नाही, साऱ्या धारेत थोडे थोडे उतरत राहते. शिवाय बाहेरून मिसळलेल्या मिथेनॉलचा धारेशी काहीच संबंध नाही. चमच्यात दारू पेटवून निळी ज्योत पाहणे, हातावर चोळणे किंवा वास घेणे या घरगुती चाचण्यांवरही विसंबू नये. खात्रीचा निकाल प्रयोगशाळेतच मिळतो.

म्हणून घरी ओळखण्याची गोष्ट द्रव नसून बाटली आणि ती मिळण्याची जागा आहे. ‘देशी’ आणि ‘गावठी’ यांतला फरक आधी लक्षात घ्यावा. देशी दारू ही परवानाधारक कारखान्यात बनलेली, लेबल लावलेली आणि सीलबंद बाटलीत येणारी असते, तर गावठी म्हणजे हातभट्टीची, फुग्यात, पाऊचमध्ये किंवा सुट्या ग्लासात विकली जाणारी. विक्रेत्याचा राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना पाहायला मागण्यात संकोच करू नये, आम्हालाही विचारावे.

बाटली हातात आल्यावर आधी झाकण पाहावे. सीलबंद झाकणाच्या खालच्या कडेला बारीक धातूच्या पट्ट्यांनी जोडलेले कडे असते आणि पहिल्यांदा फिरवताना त्या पट्ट्या कट्-कट् असा आवाज करत तुटतात. आवाज न होता झाकण फिरले, कडे आधीच सुटलेले असले किंवा बाटली उलटी धरल्यावर तोंडाशी गळती दिसली, तर ती परत करावी. लेबलवर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना, अल्कोहोलची टक्केवारी, किंमत, 14 अंकी अन्न परवाना क्रमांक आणि आरोग्याचा इशारा असावा. लेबल वाकडे चिकटलेले किंवा बॅच क्रमांक पुसट असल्यास शंका घ्यावी. या खुणांनाही मर्यादा आहेत, कारण भंगारातल्या खऱ्या बाटल्या पुन्हा भरून विकणारे असतात. त्यासाठी रिकामी बाटली टाकण्यापूर्वी तिचे लेबल फाडून टाकावे आणि गाडीतून ‘स्वस्तात’ मिळणारी बाटली, लेबल कितीही खरे दिसले तरी, घेऊ नये.

शेवटी एक गोष्ट, जी उशिरा कळल्याने माणसे गमावली जातात. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते आणि डोळ्यांच्या मज्जातंतूंना इजा त्या आम्लाने होते. याला बहुधा 12 ते 24 तास लागतात, सोबत खरे मद्य घेतले असल्यास आणखी जास्त. त्यामुळे माणूस सकाळी ठीक वाटतो आणि दुपारनंतर उलट्या, पोटदुखी, धाप आणि डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पसरल्यासारखे दिसणे सुरू होते. हे ‘हँगओव्हर’ समजून झोपवून ठेवू नये आणि लिंबूपाणी पाजत किंवा उलटी करवत वेळ घालवू नये. 108 क्रमांकावर फोन करावा, काय आणि केव्हा प्यायले ते डॉक्टरांना खरे सांगावे आणि उरलेली दारू बाटलीसह सोबत न्यावी. रुग्णालयात मिथेनॉलचे विषात रूपांतर रोखणारे औषध देता येते आणि गरजेनुसार डायलिसिस करता येते. त्याच बैठकीत प्यायलेल्या इतर सर्वांनाही, त्यांना काही त्रास होत नसला तरी, बरोबर न्यावे.