कंपनीच्या बँक खात्यावरील सहीचे अधिकार बदलण्याचे पत्र

कंपनीच्या खात्यावर सही करणारी व्यक्ती बदलली की बँकेला एक पत्र आणि संचालक मंडळाच्या ठरावाची सत्यप्रत द्यावी लागते. अधिकार ठरावातून येतो, पत्र तो फक्त पोहोचवते. त्यामुळे पत्र कितीही नेटके असले तरी ठरावाची शब्दरचना सैल असेल तर बँक कागद परत पाठवते, किंवा स्वीकारून पुढे नको असलेला अर्थ काढते.

एक उदाहरण घेऊ. खात्यावर क, ख आणि ग अशा तिघांच्या सह्या चालतात. ग नोकरी सोडतो आणि त्याच्या जागी घ येते. ठराव असा लिहिता येईल:

"ठराव करण्यात येतो की, कंपनीच्या चालू खाते क्रमांक ……… वर सही करण्याचे श्री. ग यांचे अधिकार दिनांक ……… पासून काढून घेण्यात येत आहेत. त्या तारखेपासून श्रीमती क, श्री. ख आणि श्रीमती घ यांपैकी कोणत्याही दोघांनी मिळून खाते चालवावे. यासंबंधीचे पूर्वीचे सर्व ठराव रद्द समजावेत. मात्र या तारखेपूर्वी रीतसर सही करून दिलेले धनादेश वटवावेत."

'कोणत्याही दोघांनी मिळून' हे शब्द इथे कळीचे आहेत. नुसते 'संयुक्तपणे' लिहिले तर तिघांच्याही सह्या हव्यात, असा अर्थ बँक घेऊ शकते. रकमेनुसार अधिकार वाटायचे असतील तर '1,00,000 पर्यंत कोणीही एक, त्याहून अधिक असल्यास कोणतेही दोन' असे लिहावे. 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा जास्त' असे लिहिले तर नेमक्या 1,00,000 च्या धनादेशाला कोणताच नियम लागू होत नाही.

ठरावातले शेवटचे वाक्य मसुद्यात अनेकदा राहून जाते. मग पुरवठादाराच्या हातातला, ग ची सही असलेला जुना धनादेश परत येतो आणि कंपनीची नाचक्की होते.

सत्यप्रतीवर अध्यक्षांची किंवा कंपनी सचिवांची सही असावी. घ ने स्वतःच्याच नेमणुकीची प्रत प्रमाणित केली तर बँकेने ती नाकारणे रास्तच आहे. पत्रावरही आधीपासून अधिकार असलेल्यांनीच, म्हणजे इथे क आणि ख यांनी, सही करणे उत्तम. पत्रात खाते क्रमांक, ठरावाची तारीख, काढलेले आणि नेमलेले नाव यांचा उल्लेख करावा. सोबत घ चे नमुना सही पत्रक आणि ओळखपत्र जोडावे. ठरावातील नाव ओळखपत्रावरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे.

खाते चालवण्याच्या अधिकारात कर्ज काढणे किंवा खाते बंद करणे आपोआप येईलच असे नाही. त्यांचा स्पष्ट उल्लेख हवा. नेट बँकिंगचा अधिकारही बहुधा वेगळ्या अर्जाने बदलतो. तो राहिला तर कागदावर अधिकार गेलेल्या ग चा पासवर्ड मात्र चालूच राहतो. म्हणून पत्रातच तो त्वरित बंद करण्याची विनंती लिहावी आणि बदल झाल्याची लेखी पोच मागावी.